डॉक्टरांचा दाखला आणि घटस्फोट

श्रीवर्धनच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे की, त्यांच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीस स्किझोफ्रेनिया असल्याचा डॉक्टरांचा दाखला घरात आहे. तेवढ्या आधारावर बंधूंस घटस्फोट मिळेल काय? आमचे उत्तर असे की, तेवढ्यावर मिळणार नाही, आणि मिळू नये हेच योग्य होय.

हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात या कारणाचा समावेश आहे. १९५५ साली मूळ कायद्यात बरे न होणारे वेड सतत तीन वर्षे असावे, अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची अट गेली. आता एकतर वेड असाध्य असले पाहिजे, किंवा मानसिक विकार अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात असला पाहिजे की, त्या जोडीदाराबरोबर राहण्याची अपेक्षा अर्जदाराकडून रास्तपणे करता येऊ नये. मग तो विकार सतत असो वा अधूनमधून उद्भवणारा असो. सारा भार ‘प्रमाणात’ या शब्दावर आहे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्याच एका खटल्यात हे स्पष्ट केले आणि पतीचे अपील फेटाळले. रोगाचे नाव सिद्ध होणे ही केवळ पहिली पायरी आहे.

आपल्याकडील उदाहरण पुण्याच्या दास्ताने खटल्याचे आहे. विवाह १९५६ सालचा. वधूपित्याने लग्नापूर्वीच पत्रे लिहून कळविले होते की, मुलीस पूर्वी ऊन लागून तिच्या मनावर काही काळ परिणाम झाला होता आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात तिच्यावर उपचार झाले होते. पुढे तीन अपत्ये झाली, बेबनाव झाला आणि पतीने न्यायालयात फसवणूक, वेड व क्रूरता अशी तीन कारणे मांडली. पैकी फसवणूक आणि वेड ही दोन्ही कारणे पुण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत टिकली नाहीत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केवळ क्रूरतेचा प्रश्न उरला होता. पत्नीचे वर्तन क्रूरतेचे होते, परंतु पतीने ते क्षमा केले होते, असे म्हणून न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. यावरून दिसते की, पूर्वी कधी उपचार झाले, या एका गोष्टीवरून आजचे वेड ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही हेच तत्त्व शब्दबद्ध केले आहे.

मग पुरावा कोणता लागतो? उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने साक्षीस यावे लागते व उलटतपासणीस उत्तरे द्यावी लागतात. नुसता कागद पुरत नाही. लक्षणे कोणती, किती वेळा उसळली, औषध नियमित घेतल्यावर किती ओसरली, हे त्याच्या नोंदींतून दिसावे लागते. घरातील माणसांनी ‘ती वेडी आहे’ असे न म्हणता, कोणत्या वेळी काय घडले ते सांगावे. औषधाने शांत राहणारी, स्वयंपाकपाणी व मुलांचा अभ्यास पाहणारी स्त्री या कसोटीत सहसा बसत नाही. आजाराचा पुरावा दुसऱ्या पक्षाने नाकारला, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाने तो मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तपासणीस पाठवावयाचा असतो. सबळ प्राथमिक पुरावा असल्यास न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेशही देऊ शकते.

रुग्णाच्या रक्षणाची बाजू बहुधा दुर्लक्षिली जाते. ती व्यक्ती आपली बाजू सांभाळण्यास असमर्थ आहे असे चौकशीअंती दिसल्यास, न्यायालयाने तिच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमावा लागतो. ज्याचे हित तिच्या हिताविरुद्ध आहे अशाला पालक होता येत नाही. अर्थात अर्जदार पती बाद होतो. माहेरचा पिता वा बंधू बहुधा योग्य. न्यायालयाच्या परवानगीवाचून या पालकास तडजोडही करता येत नाही. म्हणून आजारी सुनेची सही घेऊन परस्परसंमतीचा अर्ज करण्याची जी सूचना घरोघर कोणीतरी करतो, ती धोक्याची आहे. त्या वेळी तिला त्या सहीचा अर्थ कळत होता काय, हा प्रश्न पुढे उभा राहतोच.

दावा चालू असता पोटगी व खर्च, आणि निकालानंतर कायमची पोटगी मागण्याचा तिला हक्क आहे. वकील देण्याची ऐपत नसल्यास अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्य मिळते.

पत्रलेखक गृहस्थांस आमचे सांगणे एवढेच की, अर्जाचा विचार करण्यापूर्वी एक प्रश्न घरात स्वतःस विचारावा: औषध सलग आणि वेळेवर दिले गेले आहे काय? उलटतपासणीत वकिलाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.