एका दशांशातील बरोबरी

गुणगौरवाच्या यादीत दहावीचे व बारावीचे विद्यार्थी एकत्र आले, की प्रत्येकाचे गुण शंभरापैकी करून मांडावे लागतात. मिळालेले गुण एकूण गुणांनी भागून शंभराने गुणावयाचे, एवढेच ते गणित. चूक बहुधा भाजकात होते. दहावीच्या गुणपत्रिकेत सहा विषय दिसले, तरी राज्य मंडळ टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर काढते. तेथील ४५६ गुणांना कोणी ६०० ने भागले, तर ९१.२ चे ७६.० होऊन विद्यार्थी यादीबाहेर जातो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बारावीच्या एका विद्यार्थिनीला ६०० पैकी ५४७ गुण आहेत. भागाकार ९१.१६६… येतो. दुसरा दशांश पाच किंवा अधिक असल्याने पहिला एकाने वाढवून तेही ९१.२ लिहिले जाते. कागदावर दोघे बरोबरीत दिसतात. वास्तविक ती बरोबरी पूर्णांकनाची आहे. एकाचे गुण दुसऱ्याच्या एकूण गुणांनी गुणून पाहावे: ४५६ × ६०० म्हणजे २,७३,६००, ५४७ × ५०० म्हणजे २,७३,५००. दहावीचा विद्यार्थी पुढे आहे.

म्हणून क्रम मूळ भागाकारावरून लावावा आणि एक दशांश केवळ छापण्यापुरता ठेवावा. व्यापारी वहीतही कसर शेवटच्या बेरजेलाच सोडतात, प्रत्येक ओळीला नाही. कोणती परीक्षा अधिक कठीण होती, हे मात्र या भागाकारातून कळत नाही. दहावी व बारावीचे क्रम वेगळे ठेवावयाचे की नाही, हे समितीने अर्ज मागविण्यापूर्वीच ठरवावे.