सरासरी ५१ मिनिटं, मग माझाच रिपोर्ट उशिरा का?

छातीत दुखतंय म्हणून रुग्ण आला की आम्ही ईसीजी काढतो आणि ट्रोपोनिनसाठी रक्त लॅबमध्ये पाठवतो. हा रिपोर्ट तासाभरात हाती यावा, अशी अपेक्षा असते. लॅब वेळेत काम करते का, हे तपासायला संगणकातल्या दोन वेळा वापरतात: नमुना लॅबमध्ये पोहोचला ती वेळ आणि रिपोर्ट सोडला ती वेळ.

समजा, एका दिवसात २० नमुने आले. १७ रिपोर्ट ४० मिनिटांत मिळाले, उरलेल्या तिघांना ९५, ११० आणि १३० मिनिटं लागली. सरासरी निघते सुमारे ५१ मिनिटं. कागदावर सगळं छान! पण त्या तिघांपैकी एकाला हार्ट अटॅक असेल तर?

म्हणून चांगल्या लॅब सरासरीऐवजी ‘९० पर्सेंटाइल’ पाहतात. म्हणजे सगळे रिपोर्ट वेळेनुसार ओळीने लावायचे आणि दर शंभरातले नव्वद किती वेळात पूर्ण झाले ते बघायचं. आपल्या २० मध्ये अठरावा आकडा येतो ९५ मिनिटं. उद्दिष्ट ६० मिनिटांचं असेल, तर ही लॅब नापास.

तरीही एक पळवाट उरतेच. समजा, किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम तपासायला ९.१० ला रक्त काढलं. नमुना वॉर्डातच पडून राहिला आणि ९.५० ला लॅबमध्ये पोहोचला. रक्त काढताना पेशी फुटल्या होत्या. अशा नमुन्यात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो, म्हणून लॅबने तो नाकारला. ते योग्यच. १०.२५ ला पुन्हा रक्त काढलं, १०.३५ ला ते पोहोचलं आणि ११.१० ला रिपोर्ट आला. लॅबच्या हिशेबात ३५ मिनिटं, कारण नव्या नमुन्याबरोबर घड्याळही नव्याने सुरू झालं. रुग्णाने मात्र दोन तास वाट पाहिली.

माझं स्पष्ट मत आहे की तातडीच्या तपासण्यांचं घड्याळ पहिल्यांदा सुई टोचली तेव्हापासून चालावं आणि नाकारलेले नमुनेही त्यात मोजावेत. यात लॅबला दोष देण्याचा हेतू नाही. वरच्या उदाहरणात ४० मिनिटं वॉर्डातच गेली, ती दिसलीच नाहीत तर सुधारणार कोण?

अर्थात हा हिशेब प्रत्येक तपासणीला वेगळा लावावा लागतो. कल्चरमध्ये जंतू वाढायलाच दिवस लागतात. आणि आकडा धोकादायक वाटला म्हणून लॅबने तपासणी पुन्हा केली, तर त्या दहा मिनिटांवर रागावू नका.

तुमच्या रिपोर्टवर बहुधा तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची, लॅबमध्ये मिळाल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. पुढच्या वेळी पहिली आणि तिसरी वेळ ताडून बघा. पहिली वेळ छापलेलीच नसेल, तर ती का नाही, हे जरूर विचारा.