कर वाचवणं आणि कर चोरणं: घरभाड्याच्या पावतीवरून सांगतो

"अहो, सगळेच करतात, तुम्ही एकटेच कशाला हरिश्चंद्र होताय?" ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागायला सुरुवात झाली की दरवर्षी हे वाक्य मला ऐकू येतं. आणि हे म्हणणारा माणूस त्याला 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे प्लॅनिंग नाही, ही चोरी आहे. आणि ती पकडली गेली तर भरणार तुम्ही, सल्ला देणारा नाही.

फरक समजायला एकच उदाहरण घेऊ, एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्याचं. समजा नाशिकचा एक नोकरदार आहे. जुनी करप्रणाली निवडलेली, 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. बेसिक आणि डीए मिळून महिना 80,000, म्हणजे वर्षाला 9,60,000. एचआरए महिना 32,000. तो वडिलांच्या मालकीच्या घरात राहतो आणि त्यांना महिना 18,000 भाडं देतो, वर्षाचे 2,16,000.

कायदा तीन आकडे काढायला सांगतो: मिळालेला एचआरए, पगाराचे 40 टक्के, आणि भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा करून उरलेली रक्कम. यातला सर्वात लहान आकडा करमुक्त. इथे पहिले दोन्ही 3,84,000 येतात. तिसरा येतो 2,16,000 वजा 96,000, म्हणजे 1,20,000. तेवढी सूट. सेस बाजूला ठेवला तर 36,000 रुपये कर वाचला.

वडिलांना भाडं देणं हे ऐकूनच काही जण डोळा मारतात. पण यात बेकायदा काही नाही. अट एवढीच की सगळं खरं हवं. घर वडिलांच्या नावावर हवं, पैसे खरंच त्यांच्या खात्यात जायला हवेत, आणि वडिलांनी ते उत्पन्न आपल्या हिशेबात धरायला हवं. त्यांना त्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. पेन्शन कमी असेल तर त्यांना कदाचित काहीच कर लागणार नाही. घरातला एकूण कर कमी झाला, आणि तो कायद्याने दिलेल्या वाटेने. याला म्हणायचं कर वाचवणं.

आता तोच माणूस, तीच पावती, तेच 36,000. फक्त भाडं कधी दिलंच नाही. किंवा घर स्वतःच्याच नावावर आहे आणि पावतीवर मामांची सही आणि मामांचा पॅन. कागद हुबेहूब सारखा, पण व्यवहारच घडलेला नाही. ही करचुकवेगिरी. सुप्रीम कोर्टाने 1985 मध्ये मॅकडॉवेल खटल्यात हेच सांगितलं होतं: कायद्याच्या चौकटीत नियोजन चालेल, नुसता देखावा चालणार नाही.

आणि हे सापडतं कसं? वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तुम्ही म्हणता मामांना 2,16,000 दिले, मामांच्या रिटर्नमध्ये एक रुपया भाडं नाही. हे जुळत नाही हे कळायला साहेबाला तुमच्या दारात यावं लागत नाही, संगणक सांगतो. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर 150 ठिकाणी तपासणी केली, त्यात कमिशन घेऊन रिटर्न भरून देणारे एजंटही होते.

खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर दंड चुकवलेल्या कराच्या 200 टक्के. म्हणजे 36,000 वाचवायला गेलात, आणि 36,000 अधिक 72,000 असे 1,08,000 भरायची वेळ आली. वर व्याज. एजंटने आपलं कमिशन केव्हाच खिशात घातलेलं असतं. रिटर्नवर नाव तुमचं, ओटीपी तुमचा.

"मोठे लोक कोट्यवधी बुडवतात, त्यांना कोण विचारतं?" राग खरा आहे, मलाही येतो. आपला कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. पण बडे लोक बहुतेकदा कायद्यातली फट शोधतात. ती बुजवा, अशी मागणी आपण जोरात करायला हवी. खोटी पावती जोडणाऱ्याच्या तोंडी ती मागणी शोभत नाही.

शिवाय आता गंमत बघा. नव्या करप्रणालीत एचआरएची सूटच नाही, आणि आर्थिक वर्ष 2025-26 पासून त्यात पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला कर शून्य. त्यामुळे अनेकांना त्या पावतीची गरजच उरलेली नाही.

मागे कुणी खोटा दावा केला असेल तर नोटीस यायची वाट बघू नका. अपडेटेड रिटर्न भरता येतं. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजाच्या वर 25 टक्के जादा द्यावे लागतात. 200 पेक्षा 25 बरे.

आणि पुढच्या वेळी कुणी "रिफंड काढून देतो" म्हणाला, तर त्याला एकच विचारा: हा खर्च मी खरंच केलाय का? तो हसला, तर उठून या.