निनावी ‘मी’ कुणाचा?

अमरावती-अकोल्याकडे लिहू लागलेल्या आमच्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो. कथा ‘मी’ची आहे ना, मग त्या ‘मी’ला नाव कशाला देता? नाव दिलं की तो सलीम होतो, नाव काढलं की तो कुणीही माणूस होतो. सलीम आधी माणूस नव्हता का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. सल्ला लेखनतंत्राचा म्हणून दिला जातो, तेव्हा तो तंत्र म्हणूनच तपासू. माझं म्हणणं असं की तो तंत्र म्हणूनही चुकीचा आहे.

मराठीत निनावी ‘मी’ कोरा नसतोच. इंग्रजीत निवेदक बाई की पुरुष हे पानंच्या पानं लपवता येतं. मराठीत ‘मी गेलो’ म्हटलं की पुरुष कळला, ‘मी गेले’ म्हटलं की बाई कळली. आमच्या वऱ्हाडात बायका ‘मी गेली’ म्हणतात, म्हणजे बाईसोबत मुलूखही कळला. उरलं नाव. ते लेखकाने दिलं नाही तर वाचक देतो, आणि त्याच्या शाळेच्या पुस्तकात, मालिकेत, वाचलेल्या कादंबऱ्यांत जे नाव भेटलं तेच देतो. तो संदीप देतो, कुलकर्णी देतो, पाटील देतो. सलीम देत नाही. मुसलमान वाचकही देत नाही, कारण त्याने वाचलेली पुस्तकं तीच आहेत. म्हणजे नाव काढल्याने ‘मी’ सर्वांचा होत नाही, तो फक्त सलीमचा राहत नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 सालची. तिचा निवेदक पहिल्याच वाक्यात आपलं नाव पांडुरंग सांगवीकर आहे हे सांगून टाकतो. नावात देव आहे, आडनावात गाव आहे. तरी कुणी म्हटलं नाही की नावाने कादंबरी एका समाजापुरती झाली. पांडुरंगची घुसमट एका पिढीची घुसमट म्हणून वाचली गेली. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची यमू आपली कहाणी स्वतः सांगते, तीही नावानिशी. गो. नी. दांडेकर जन्माने आमच्या परतवाड्याचे, पण ‘पडघवली’त त्यांनी कोकणातल्या अंबूवहिनीच्या तोंडून गोष्ट सांगितली. नावाने कुणाचंच दार बंद झालं नाही. मग बंद होतं ते नावामुळे, की दाराशी उभ्या असलेल्याच्या सवयीमुळे?

सवय आहे हे मान्य. म्हणून नाव कुठे आणि कुणाच्या तोंडून यावं, हा खरा प्रश्न आहे. एक साधी गोष्ट घेऊ. एक माणूस अमरावतीहून एसटीने अकोल्याला निघाला आहे. वडील दवाखान्यात आहेत, रात्रीपासून शुद्धीवर नाहीत. बडनेरा मागे पडलं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे बस बंद पडली. पुढची बस कधी येईल, सांगता येत नाही. एवढीच गोष्ट.

पहिली रीत : ‘मी सलीम. त्या दिवशी मी अकोल्याला चाललो होतो.’ इथे वाचक लगेच सावध होतो. बस बंद पडली की त्याला वाटतं, आता या सलीमचं काहीतरी होणार. कुणी ओळखपत्र मागेल, कुणी टोमणा मारेल. तो वडिलांची काळजी करायचं सोडून दंग्याची वाट पाहू लागतो. काही झालं नाही तर त्याला गोष्ट अपुरी वाटते. नाव ओळख करून देण्यासाठी आलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिलं.

दुसरी रीत : नाव कुठेच नाही. वाचक वडिलांसाठी कासावीस होतो, हे खरं. पण ते टिकवायला लेखकाला काय करावं लागतं बघा. अब्बा म्हणायचं नाही, वडील म्हणायचं. खाला नाही, मावशी. भावाचा फोन येतो, पण भाऊ हाक मारत नाही. दवाखान्यात आई काय पुटपुटत बसली आहे, ते सांगायचं नाही. घर आधी रिकामं करायचं, मग त्या घराबद्दल लिहायचं. तीन पानांत गद्य कोरडं पडतं आणि ते का कोरडं पडलं हे वाचकाला कळतही नाही.

तिसरी रीत सध्या फार चालते : शेवटच्या ओळीत नाव. बस येते, माणूस पोचतो, नर्स विचारते, तो म्हणतो, ‘सलीम.’ वाचक चपापतो, आपण याला दुसराच कुणी समजत होतो म्हणून स्वतःवरच ओशाळतो. त्याला वाटतं, गोष्टीने काही शिकवलं. पण वडिलांचं काय झालं, हे आता त्याला आठवत नाही. मरणाच्या दारातला बाप एका युक्तीसाठी खर्ची पडला. आणि मुसलमान असणं हे मुठीत झाकून ठेवायचं, शेवटी उघडून दाखवायचं गुपित ठरलं. मला ही रीत निनावीपणाहून जास्त खटकते.

चौथी रीत सगळ्यात साधी. बस बंद पडते, उतारू खाली उतरतात, ऊन तापतं. वाचक काळजीत पुरता गुंतला की पहिल्या पानाच्या मध्यावर फोन वाजतो : ‘सलीम, कुठवर आला रे? अब्बाने डोळे उघडले होते आत्ता.’ नाव हाकेत आलं, बातमीसोबत आलं. वाचकाचं लक्ष डोळे उघडण्याकडे आहे. सलीम त्याला कळला, पण धर्म म्हणून नाही, मुलगा म्हणून कळला. माणसाचं नाव आयुष्यातही असंच येतं. आपण स्वतःला नावाने हाक मारत नाही, दुसरे मारतात.

मग निनावीपण कधीच नको का? हवं, जेव्हा नाव नसणं हीच गोष्ट असते. डॅफ्नी द्यू मोरिएच्या ‘रिबेका’त निवेदिकेला नाव नाही आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मात्र पुस्तकाच्या कपाळावर आहे. राल्फ एलिसनच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’मधला काळा माणूस निनावी आहे, तो सर्वांचा व्हावा म्हणून नव्हे, तर त्याला कुणी पाहतच नाही म्हणून. तिथे निनावीपण हा आरोप आहे. आपल्याला मिळणाऱ्या सल्ल्यात तो लपण्याचा मार्ग आहे. उलट मंटोने ‘बाबू गोपीनाथ’मध्ये निवेदकाला चक्क मंटो हेच नाव दिलं. वाचकाला वाटतं, हा डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगतोय. पण त्याची नजर मंटोवर थांबत नाही, बाबू गोपीनाथवर जाते.

तुमच्या कथेत काय घडतंय ते तपासायचं असेल तर पहिलं पान दोघांना वाचायला द्या, एक आपल्या मोहल्ल्यातला, एक बाहेरचा. दोनच प्रश्न विचारा : सांगणाऱ्याचं नाव काय असेल, आणि पुढे काय होईलसं वाटतं? निनावी पानावर दोघांनीही दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं, तर तुमचा ‘मी’ तुमच्या हातून गेला आहे. नाव असलेल्या पानावर दोघांनीही दंगा सांगितला, तर नाव फार लवकर आलं आहे. दोघेही म्हणाले, ‘बाप वाचतो की नाही?’ तर नाव बरोबर जागी बसलं.

नाव पुसून मिळालेला वाचक सलीमला भेटलेलाच नसतो. तो मिळाला म्हणून आनंद कसला मानायचा?