शीतगृहाचे वीजदेयक : युनिटच्या पलीकडचे तीन आकडे

शीतगृह चालविणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना वीज बचतीचा सल्ला देताना बहुतेक वेळा युनिटपासूनच सुरुवात केली जाते. दिवे बदला, दारांना पडदे लावा, छतावर सौर पॅनेल बसवा, असे सांगितले जाते. हे सल्ले चुकीचे नाहीत, परंतु त्यांचा क्रम चुकलेला आहे. उच्चदाब जोडणीच्या देयकात युनिटखेरीज आणखी तीन आकडे पैसे ठरवितात : कमाल मागणी, करार मागणी आणि पॉवर फॅक्टर. हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांतील एक दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवला, तर केलेल्या खर्चाचा लाभ देयकात उमटतच नाही. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्याने कोणतेही यंत्र सुचविण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची देयके समोर मांडून बसावे, हे अधिक हितावह.

गुजरातमधील बनासकांठा जिल्ह्यातील डीसा परिसर हा बटाटा शीतगृहांचा मोठा पट्टा आहे. तेथील सुमारे पाच हजार टन क्षमतेचे एक शीतगृह नमुन्यादाखल घेऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये बटाटा भरला जातो, ऑक्टोबरपर्यंत तो हळूहळू बाहेर पडतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी वखार रिकामी असते. या शीतगृहाची करार मागणी 200 केव्हीए आहे. भरणीच्या ऐन महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये, कमाल मागणी 190 केव्हीए नोंदली जाते. पुढील साठवणुकीत ती 120 च्या आसपास राहते आणि रिकाम्या काळात 20 च्याही खाली येते.

गुजरातच्या शासकीय वितरण कंपन्यांच्या एचटीपी-1 दरपत्रकात मागणी आकारासाठी प्रत्यक्ष कमाल मागणी, करार मागणीच्या 85 टक्के आणि 100 केव्हीए यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा असेल तो धरला जातो. अलीकडील दरपत्रकांनुसार 500 केव्हीएपर्यंत हा दर दरमहा प्रति केव्हीए 150 रुपये आहे, तर करार मागणी ओलांडल्यास ओलांडलेल्या भागासाठी 555 रुपये. आपल्या शीतगृहाच्या करार मागणीचे 85 टक्के म्हणजे 170 केव्हीए. याचा अर्थ असा की मार्च वगळता उरलेल्या अकरा महिन्यांत, वखार रिकामी असतानासुद्धा, 170 केव्हीएचे पैसे भरावे लागतात. वर्षाचा मागणी आकार 3,09,000 रुपये होतो. डिसेंबरात कोणी कितीही काटकसर केली तरी या रकमेतील एक रुपयाही कमी होत नाही, कारण ती रक्कम वापरावर नव्हे, करारावर अवलंबून आहे.

करार मागणी 160 वर आणता आली, तर तळाचा आकडा 136 होईल. त्यासाठी मार्चमधील 190 चा आकडा मात्र 160 च्या आत बसवावा लागेल. येथे पॉवर फॅक्टरचा संबंध येतो.

कॉम्प्रेसर, पंखे व पंप यांच्या मोटारी प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर चुंबकीय क्षेत्र टिकविण्यासाठी आणखी काही वीज ओढतात. ती काम करीत नाही, परंतु तारांमधून व रोहित्रामधून तिची ये-जा चालू असते. कामाची वीज केडब्ल्यूमध्ये आणि एकूण भार केव्हीएमध्ये मोजला जातो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. या शीतगृहाचा पॉवर फॅक्टर 0.86 आहे. म्हणजे मार्चमधील 190 केव्हीएत कामाची वीज 163 केडब्ल्यूच आहे. साधारण 65 केव्हीएआर क्षमतेचे, भारानुसार आपोआप टप्पे जोडणारे कपॅसिटर पॅनेल बसवून पॉवर फॅक्टर 0.98 वर नेला, तर तेच काम 167 केव्हीएत होते. एकही मोटार बंद न करता 23 केव्हीए सुटतात.

पण या टप्प्यावर थांबणाऱ्यांची निराशा होते. पॅनेल बसविले आणि करार मागणी 200 च राहिली, तर मार्चचा आकडा 167 झाला तरी देयक 170 चेच येणार. मागणी आकारातील वर्षभराची बचत अवघी 3,000 रुपये. पुष्कळ ठिकाणी पॅनेलला दोष दिला जातो; वास्तविक अर्धवट राहिलेला असतो तो करार कमी करण्याचा अर्ज.

167 वरून 158 वर येण्यासाठी उरलेले नऊ केव्हीए वेळापत्रकातून मिळवावे लागतात. कमाल मागणी म्हणजे क्षणिक उसळी नव्हे. मीटरनुसार 15 किंवा 30 मिनिटांच्या सरासरीचा तो महिन्यातील सर्वांत मोठा आकडा असतो. मोटार सुरू होताना आठ सेकंद सहापट प्रवाह ओढत असली, तरी पंधरा मिनिटांच्या सरासरीत तिचा वाटा चार-पाच टक्क्यांनीच वाढतो. म्हणून केवळ कमाल मागणी घटविण्यासाठी सॉफ्ट स्टार्टर घेणे व्यर्थ आहे. त्याचे उपयोग वेगळे आहेत. खरा आकडा बहुधा वीज खंडित होऊन परत आल्यानंतरच्या अर्ध्या तासात चढतो. खोल्या तापलेल्या असतात, सर्व कॉम्प्रेसर एकदम चालू केले जातात, शेजारी प्रतवारीचे यंत्रही धावत असते. वीज परतल्यावर प्रतवारी यंत्र आणि कार्यालयातील वातानुकूलन तासभर बंद ठेवणे व कॉम्प्रेसर एकेक करून जोडणे, एवढ्या शिस्तीतून नऊ-दहा केव्हीए निघतात. हे अंदाजाने ठरवू नये. आधुनिक मीटरमध्ये ठरावीक अंतराच्या भारनोंदी साठविलेल्या असतात; वितरण कंपनीकडे त्या लेखी मागाव्यात आणि कमाल मागणी कोणत्या दिवशी, किती वाजता नोंदली गेली ते शीतगृहाच्या नोंदवहीशी ताडून पाहावे.

एक मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. मागणी वाचविण्यासाठी बटाट्याची भरणी लांबवून माल उघड्या ढिगांत ठेवणे महागात पडते. बटाट्यावरील पतंग उघड्या कंदांच्या डोळ्यांजवळ अंडी घालतो आणि मार्चच्या उष्णतेत त्याची अळी झपाट्याने कंद पोखरते. दहा अंश सेल्सियसच्या खाली तिची वाढ जवळजवळ थांबते, त्यामुळे माल थंड खोलीत वेळेवर जाणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. थांबवायचे असेल तर प्रतवारी थांबवावी, भरणी नव्हे.

हे सर्व साधले तर अकरा महिने 136 आणि मार्चमध्ये 158 केव्हीए धरून वर्षाचा मागणी आकार 2,48,100 रुपये होतो, म्हणजे 60,900 रुपये वाचतात. समजा मार्चमध्ये शिस्त मोडली, पॅनेलही बंद पडले आणि मागणी पुन्हा 190 वर गेली, तर त्या महिन्यात 40,650 रुपये भरावे लागतील. जुन्या करारात त्याच महिन्याचे 28,500 झाले असते. तरीही वर्षाअखेर सुमारे 44,000 रुपये हाती राहतात. या आकड्यांनुसार वर्षात तीन महिन्यांपर्यंत अशी चूक झाली तरी करार कमी करणे फायद्याचे ठरते; चौथ्या महिन्यात ते तोट्याचे होते. ओलांडण्याच्या भीतीने मोठा करार धरून बसणाऱ्या संचालक मंडळांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे. अर्थात ओलांडणे ही सवय झाली तर वितरण कंपनी हरकत घेईल.

हे उत्तर दुसऱ्या राज्यात जसेच्या तसे लागू होत नाही. महाराष्ट्रात महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांसाठी आधीच्या अकरा महिन्यांतील सर्वोच्च आकारणी मागणीच्या 75 टक्के हाही एक निकष आहे. म्हणजे मार्चमधील तो एक अर्धा तास पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देयकात रेंगाळू शकतो. शिवाय तेथे 2020 पासून उच्चदाब ग्राहकांची ऊर्जा केव्हीएएच मध्ये मोजली जाते, त्यामुळे पॉवर फॅक्टरच्या दंडाची वेगळी ओळ दिसत नाही. दंड गेलेला नसतो. तो युनिटच्या आकड्यात मिसळलेला असतो.

गुजरातमध्ये ही ओळ उघड दिसते. पॉवर फॅक्टर 90 टक्क्यांच्या खाली गेला की 85 पर्यंतच्या प्रत्येक टक्क्यामागे ऊर्जा आकारावर एक टक्का, आणि 85 च्या खालच्या प्रत्येक टक्क्यामागे दोन टक्के दंड लागतो. उलट 95 च्या वर प्रत्येक टक्क्यामागे अर्धा टक्का सूट मिळते. आपले शीतगृह महिन्याला 40,000 युनिट वापरते आणि ऊर्जा दर चार रुपये धरला, तर 0.86 वर 6,400 रुपये दंड होतो; 0.98 वर 2,400 रुपये सूट मिळते. फरक महिन्याला 8,800 रुपयांचा. मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत तो 70,400 होतो. पॅनेलच्या दरपत्रकासमोर ठेवण्याचा आकडा हा आहे.

सौर पॅनेलचा विचार याच ठिकाणी करावा. दुपारी शीतगृहाचा भार 100 केडब्ल्यू आणि चुंबकीय भार 60 केव्हीएआर असेल, तर पॉवर फॅक्टर साधारण 0.86 असतो. सौर संचाने 60 केडब्ल्यू दिले की वितरण कंपनीकडून 40 केडब्ल्यूच घेतले जातात, पण 60 केव्हीएआर तसेच राहतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर 0.55 वर घसरतो. युनिट कमी होऊनही दंडाची ओळ अचानक उगवते, ती यामुळे. शिवाय कमाल मागणी संध्याकाळी नोंदली जात असेल, तर सौर संच तिला स्पर्शही करीत नाही. कपॅसिटर आधी आणि सौर संच नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

राहिला रिकामा काळ. नोव्हेंबरात मुख्य स्विच बंद करताना कपॅसिटर पॅनेलही बंद होते, पण उच्चदाब बाजूला मीटर असलेल्या ग्राहकाचे रोहित्र चालूच असते. 250 केव्हीएचे रोहित्र रिकामे असतानाही पाचएक केव्हीएआर ओढत राहते. महिन्याला 1,500 युनिटच वापर असेल तर पॉवर फॅक्टर 0.40 च्याही खाली जातो आणि दंड जवळजवळ ऊर्जा आकाराइतकाच, सुमारे 6,000 रुपये होतो. रोहित्राच्या दुय्यम बाजूला पाच केव्हीएआरचा एक कायमस्वरूपी कपॅसिटर जोडलेला ठेवला की हा प्रश्न सुटतो. त्यापेक्षा मोठा ठेवू नये. अतिरिक्त कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर उलट बाजूला जातो आणि काही मीटर तोही दोषच मानतात. त्याच वेळी दरपत्रकातील हंगामी ग्राहकाचा भाग वाचावा. गुजरातच्या या व्याख्येत शीतगृहांचा समावेश आहे, मात्र बिगरहंगाम किमान तीन महिन्यांचा असावा लागतो आणि तो आगाऊ लेखी कळवावा लागतो. डीसाच्या शीतगृहाचे तीन महिने नोव्हेंबरपासून सुरू होणार असतील, तर हे पत्र त्याआधी पुरेसे लवकर तयार असायला हवे.