एक पाटी, तीन भाषा आणि एक ट्रान्सलेटर

ऑफिसमध्ये तुम्ही एकटेच मराठी बोलणारे असाल, तर हे काम कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडतंच. परदेशातला क्लायंट किंवा कुठला तरी कलीग मुंबईत येतो, लोकल बघून येडा होतो, फोटो काढतो आणि मेल टाकतो - यावर काय लिहिलंय, जरा ट्रान्सलेट करून दे ना! फोटो उघडून बघावा, तर पाटीवर मराठी आहे, हिंदी आहे आणि चक्क इंग्लिशही आहे. आता बोला! यात ट्रान्सलेट काय करायचं?

माझ्या एका मैत्रिणीकडे परवा असंच काम आलं. एका फोटो एक्झिबिशनसाठी इंग्लिशमध्ये कॅप्शन्स लिहायच्या होत्या. फोटोत स्टेशनवरची पाटी होती. वरची ओळ मराठी : ‘रेल्वे रूळ ओलांडू नका. पादचारी पुलाचा वापर करा. रूळ ओलांडणे शिक्षेस पात्र आहे.’ मधली हिंदी : ‘रेल लाइन पार न करें। पैदल पुल का प्रयोग करें। यह दंडनीय अपराध है।’ आणि खाली इंग्लिश : ‘डू नॉट क्रॉस द ट्रॅक्स. ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड अंडर सेक्शन १४७.’

क्लायंटचा ब्रीफ एका वाक्याचा होता : सगळं ट्रान्सलेट करा. तिने तसं करून पाहिलं, तर कॅप्शनमध्ये ‘रूळ ओलांडू नका’ हेच तीन वेळा आलं. वाचणाऱ्याला वाटणार, पाटी लिहिणारा तोतरा होता की काय! मग दुसरा मोह झाला. इंग्लिश तर आहेच, मग कॅप्शनची गरजच काय? सोडून द्या. काम खल्लास.

इथेच खरी गोची आहे बॉस. कारण आपण धरून चालतो की तिन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात. पण नीट वाचा. इंग्लिश ओळीत पुलाचा पत्ताच नाही. ‘पूल वापरा’ हे फक्त मराठी आणि हिंदीत आहे. उलट कलम १४७ फक्त इंग्लिशमध्ये आहे. (हे रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम. परवानगी नसताना रेल्वेच्या हद्दीत घुसण्याबद्दलचं.) म्हणजे एकच पाटी एका वाचकाला सांगते, बाबा रे, तिकडून जा. आणि दुसऱ्याला नुसता दम देते. इंग्लिशवर विसंबून राहिलात, तर बाहेरच्या माणसाच्या लेखी ही फक्त धमकीची पाटी ठरते.

म्हणून पहिलं काम ट्रान्सलेशनचं नाहीच. कागदावर तीन ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येक मुद्द्यासमोर बघायचं, हा तिघींत आहे का. जे तिघींत आहे ते इंग्लिश ओळीने आधीच सांगितलंय, ते सोडायचं. जे इंग्लिशमध्ये नाही, तेवढंच ट्रान्सलेट करायचं. आणि पाटीवरचं इंग्लिश जसं आहे तसंच उतरवायचं, त्याला सुधारून गुळगुळीत करायचं नाही. ते फोटोत दिसतंच आहे, तुमची दुरुस्ती तिथे लगेच उघडी पडते.

पण त्याआधी कुठली ओळ कुठल्या भाषेतली, हे कळायला हवं ना? आपल्याला ते बघताक्षणी कळतं, पण अमराठी माणसाला दोन्ही देवनागरीच दिसते. त्यासाठी सोप्या खुणा आहेत. ‘ळ’ दिसला की बहुतेक मराठी. हिंदीच्या रोजच्या लिखाणात तो येत नाही, म्हणून तर आपलं ‘परळ’ हिंदीत ‘परेल’ होतं. ‘ड’ किंवा ‘ढ’च्या खाली टिंब असेल, तर हिंदी. वाक्य ‘आहे’ने संपलं तर आपलं, ‘है’ने संपलं तर त्यांचं. स्टेशनच्या नावाच्या पाट्यांवर आधी राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्लिश असा क्रम असतो. बाकी पाट्यांवर मात्र क्रमावर भरवसा ठेवू नका, खुणा बघा.

हे ओळखणं का महत्त्वाचं? कारण मराठीतला एक शब्द हिंदीच्या चष्म्यातून वाचला की अर्थाचा पार बोऱ्या वाजतो. ‘शिक्षेस पात्र आहे’ घ्या. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! हिंदी येणारा, मराठी न येणारा ट्रान्सलेटर हे वाचून रूळ ओलांडणाऱ्याला ॲडमिशनच देऊन टाकेल. ‘खाली’चंही तसंच. मराठीत वरच्या उलट, हिंदीत रिकामं.

नावांचा प्रॉब्लेम वेगळा. मराठीत ‘वांद्रे’, हिंदीत ‘बांद्रा’. मराठीत ‘शीव’, इंग्लिशमध्ये ‘सायन’. ही ट्रान्सलेशन्स नव्हेत, एकाच जागेची दोन नावं आहेत. पाटीवर इंग्लिश नाव असेल तर कॅप्शनमध्ये तेच जाईल, आणि मराठी नाव वेगळं असेल तर ते एकदा सांगायचं. फोटो कधीचा आहे तेही विचारा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं ते २०१८ मध्ये. त्याआधीच्या फोटोतल्या पाटीवर जुनं नाव असेल, तर कॅप्शनमध्ये ते बदलायचं नाही.

आणि पाटीवर पोस्टर चिकटवलेलं असेल, पानाची पिंक असेल किंवा गंज चढला असेल तर? तेव्हा हिंदीवरून मराठीची दिसत नसलेली ओळ भरून काढावीशी वाटते. नका करू. पुलाचं उदाहरण आत्ताच पाहिलंत, ओळी जुळतीलच असं नाही. ‘पुढचं वाचता येत नाही’ एवढं लिहिलं की पुरे.

शेवटी मैत्रिणीने जे पाठवलं ते छोटंसं होतं. आधी पाटीवरचं इंग्लिश जसंच्या तसं. मग एक ओळ : वरच्या मराठी आणि हिंदी ओळी हेच सांगतात, शिवाय पादचारी पूल वापरायला सांगतात, रूळ ओलांडणं शिक्षापात्र आहे असं म्हणतात, पण कलमाचा उल्लेख करत नाहीत. संपलं. क्लायंटने विचारलं, इंग्लिशवाल्यांना मुद्दाम पूल सांगितला नाही का? तिने सरळ सांगितलं, ते पाटीवरून कळत नाही. कदाचित पत्र्यावर जागाच उरली नसेल. पाटीत काय आहे हे सांगणं ट्रान्सलेटरचं काम, पेंटरच्या मनात काय होतं ते नव्हे.

अर्थात हे गणित कॅप्शनपुरतं. तोच फोटो कुणी पुरावा म्हणून कोर्टात दिला, तर काटछाट चालणार नाही. तिथे प्रत्येक ओळ भाषेच्या नावासकट वेगळी ट्रान्सलेट करायची, तेच ते तीनदा आलं तरी. आणि फोटो काढणारा अजून प्लॅटफॉर्मवरच उभा असेल आणि फोनवर विचारत असेल, तर त्याला भाषा नको, कलम नको. त्याला फक्त इंग्लिशमध्ये राहून गेलेलं तेवढं सांगा : पूल आहे, त्यावरून जा.