नखांवरची आडवी खाच: जुन्या तापाची नोंद

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चाळिशीतल्या एका शिक्षिकेला डेंग्यू झाला. सहा दिवस १०३ अंशांपर्यंत ताप होता. पुढे अशक्तपणाही गेला आणि त्या शाळेत रुजू झाल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र त्या हातांची दहाही नखे दाखवायला दवाखान्यात आल्या. प्रत्येक नखावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी खाच होती, बोट फिरवले तर हाताला लागणारी. तोवर औषधांच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या, शेजारणीच्या सल्ल्याने एक टॉनिक आणि बुरशीचे मलम असे सगळे करून झाले होते. खाच बुजली नव्हती, फक्त थोडी पुढे सरकली होती.

ही खाच म्हणजे नवा आजार नव्हे. १८४६ मध्ये फ्रेंच वैद्य जोसेफ बो यांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला ‘बो रेषा’ म्हणतात. नख तयार होते ते त्याच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली. तिथल्या पेशी सतत विभागतात, कठीण होऊन मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. तीव्र ताप, टायफॉइड, न्यूमोनिया किंवा मोठी शस्त्रक्रिया अशा काळात शरीर हे काम मंदावते, कधी थांबवतेही. त्या दिवसांत तयार झालेले नख पातळ राहते. माग काही दिवस हलक्या हाताने चालला तर कापडात विरळ पट्टा पडतो, तसेच हे. आजार सरला की विणकाम पूर्ववत होते, पण पडलेला पट्टा कापडाबरोबर पुढे जात राहतो.

खाच उशिरा दिसते ती यामुळेच. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळाशी पडलेली खाच कातडीबाहेर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत माणूस ताप विसरलेला असतो आणि खाचेचा संबंध गेल्या आठवड्यातल्या साबणाशी किंवा जेवणाशी जोडतो.

शिक्षिकेच्या अंगठ्यावर खाच कातडीच्या कडेपासून ५ मिलिमीटर पुढे होती. रोज सुमारे ०.१ मिलिमीटर या हिशेबाने ती बाहेर येऊन ५० दिवस झाले, म्हणजे ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिसू लागली असणार. त्याआधीचे सहा आठवडे कातडीखालचे. हिशेब थेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यावर येतो. नखाचा वेग वयाप्रमाणे आणि बोटाप्रमाणे बदलतो, त्यामुळे नेमका दिवस सांगता येत नाही. आठवडे मात्र जुळतात. पुढचे ९ मिलिमीटर नख वाढायला आणखी तीन महिने. फेब्रुवारीत ती खाच नेलकटरखाली जाईल. पायाचे नख याहून बरेच सावकाश वाढते, म्हणून अंगठ्यावरची खाच वर्षभरही राहू शकते.

कातडीबाहेर आलेले नख निर्जीव असते. केस जसा औषधाने मधूनच जाड होत नाही, तशी ही खाच भरत नाही. ती फक्त वाढून जाते. नख मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे असते, कॅल्शियम त्यात अगदी थोडे. बुरशीच्या गोळ्या तर अनेक आठवडे घ्याव्या लागतात आणि त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. बुरशीची खात्री न करता त्या देणे चूकच आहे. खाचा पाहून रक्ततपासण्यांची लांबलचक यादी लिहिण्याआधी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारावा: ‘दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?’ बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते.

अर्थात प्रत्येक खाच तापाची नसते. सगळ्या नखांवर जवळपास एकाच अंतरावर असेल तर कारण साऱ्या शरीरातले. एकाच नखावर असेल तर दारात बोट चेमटणे किंवा नखाच्या मुळाशी झालेली नखुरडी आठवून पाहावी. उभ्या रेषा वयाबरोबर येतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. नख पिवळे, जाड, भुसभुशीत असेल तर बुरशीची तपासणी करावी. केमोथेरपी घेणाऱ्यांना प्रत्येक फेरीमागे एक अशा अनेक खाचा दिसू शकतात. मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या आजारानंतर काही आठवड्यांनी जुने नख मुळापासून सुटते आणि आईवडील घाबरतात. तिथेही काम काही दिवस पूर्ण थांबलेले असते आणि खालून नवे नख येत असते. ते ओढू नये, कडा फक्त कापून ठेवाव्यात.

मोठा आजार झालेला नसतानाही खाचा पुन्हा पुन्हा येत असतील, तर मात्र कारण शोधायलाच हवे. ताप आठवत असेल आणि खाचेमागे कातडीच्या बाजूला नख गुळगुळीत येत असेल, तर औषधावर पैसे घालवू नयेत. मूळ पुन्हा कामाला लागल्याची तीच खूण आहे.